तबला उतरला की हातोडी नेमकी कुठं मारायची

श्रावणात कोल्हापुरात झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपला बुरसटतात आणि कोपऱ्यात ठेवलेला तबला कुणी हात न लावताही उतरतो. अशाच एका दुपारी मागच्या गल्लीतला एक मुलगा गवसणी पोटाशी धरून, भिजत माझ्याकडं आला. अकरावीतला पोरगा, तालमीच्या गणपतीपुढं भजनाला साथ करतो.

"काका, तबला पार उतरलाय बघा. पेटीला लागतच नाही."

"हातोडी मारलीस का?"

"मारली की. चारी बाजूनं मारली. आता तर जास्तच बिघडलाय."

हे उत्तर मला नवीन नाही. तबला शिकायला येणारी बहुतेक मुलं बोल वर्षभरात शिकतात, पण तबला लावायची वेळ आली की तो गुरुजींच्या हातात देतात. मग कधीतरी एकट्यानं लावायची पाळी येते आणि हातोडी अंदाजानं फिरते. म्हणून त्या दिवशी मी तबला लावून दिला नाही. त्याच्याच हातानं लावून घेतला. तेच इथं सविस्तर सांगतो. डग्ग्याचं थोडं आणि कातड्याच्या निगेचं ओघात येईलच, पण मुख्य गोष्ट उजव्या तबल्याची, हिंदीवाले ज्याला दायाँ म्हणतात त्याची.

आधी तबला कशानं ताणलेला असतो ते डोळ्यासमोर आणा. लाकडी खोडाच्या तोंडावर बकऱ्याच्या कातड्याची पुडी. पुडीच्या मधोमध काळा गोल ती शाई, आणि कडेनं फिरणारी कातड्याची पट्टी ती चाट. पुडीच्या कडेला वेणीसारखा जाड गजरा. गजऱ्यातून चामड्याची वादी ओवलेली, ती खाली बुडाच्या कड्याला वळसा घालून परत वर येते. अशी सोळा ठिकाणी ती गजऱ्यात शिरते, आणि त्यामुळं गजऱ्याचे जे सोळा भाग पडतात त्यांना घरं म्हणतात. वाद्यांच्या खाली आठ लाकडी गठ्ठे खोचलेले असतात. म्हणजे एका गठ्ठ्याच्या वाट्याला दोन घरं येतात. हे दोनास एक प्रमाण लक्षात ठेवा, पुढं सगळं त्यावरच आहे.

खोड वर निमुळतं आणि खाली रुंद असतं. त्यामुळं गठ्ठा ठोकून खाली सरकवला की तो वादीला बाहेर ढकलतो, वादी ताणते आणि सूर चढतो. खालून ठोकून वर सरकवला की वादी सैल पडते, सूर उतरतो. गजऱ्यावर वरून ठोका दिला की तेवढ्या घरापुरतं कातडं खाली ओढलं जातं आणि तिथला सूर चढतो. गजऱ्याला खालून वर ठोका दिला की उतरतो. गठ्ठ्यानं मोठा फरक पडतो, गजऱ्यानं बारीक. त्या पोरानं काय केलं होतं? सगळा तबला जवळजवळ एका पट्टीनं उतरलेला असताना तो फरक त्यानं गजऱ्यावर चार ठिकाणी मारून भरून काढायला बघितला. चार घरं चढली, बारा तशीच राहिली.

मी त्याला आधी पेटीवर काळी एक धरायला सांगितली आणि गजऱ्यावर खडूनं आकडे घालायला लावले, एक ते सोळा. अनुभवी माणसाला हे लागत नाही, पण नवीन हाताला याचा फार उपयोग होतो, कारण तबला फिरवता फिरवता आपण कुठून सुरू केलं तेच विसरायला होतं. मग प्रत्येक घरासमोर चाटेवर एकच 'ना' वाजवायचा. अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली, तर्जनी चाटेवर, आणि ठोका दरवेळी सारख्याच जोराचा. तबला चुंबळीवर फिरवायचा, हात जागचा हलवायचा नाही.

'ना'च का, तर टेकलेल्या अनामिकेमुळं कातड्याचा खालचा घुमारा दबतो आणि कातडं त्या बोटाच्या रेषेच्या दोन्ही अंगांना झोपाळ्यासारखं हलतं, एक बाजू वर तर दुसरी खाली. त्यातूनच तो टोकदार, ठाम सूर निघतो. साध्या कातड्याच्या वाद्यातून असा स्वच्छ सूर येत नाही. तबल्यात आणि मृदंगात तो येतो तो मधल्या शाईच्या वजनामुळं. सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये यावर लिहिलं आणि 1935 मध्ये सविस्तर मांडणी केली. शाईमुळं कातड्याचे वेगवेगळे कंप तारेच्या स्वरांसारखे एकमेकांशी जुळतात, असं त्यांनी दाखवून दिलं. पण ही जुळणी टिकते ती ताण सगळीकडं सारखा असेल तरच. एका अंगाला ताण कमी असला तर तोच कंप दोन किंचित वेगळ्या सुरांत फुटतो, ते दोन सूर एकमेकांशी झगडतात आणि 'ना' संपताना लहरतो. 'ना'ची आस थरथरत विझली तर समजायचं, घरं जुळलेली नाहीत. मग बाकी सूर पेटीला कितीही जवळ असो.

याच गणितातून आणखी एक अडचण निघते आणि ती कुणी फारशी सांगत नाही. झोपाळ्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना बांधलेल्या असतात. त्यामुळं पाचवं घर सैल असलं तर कधीकधी समोरचं तेरावं वाजवतानाही सूर उतरलेलाच ऐकू येतो. नुसत्या कानावर विसंबून तेराव्यावर हातोडी मारलीत तर दुखणं एकीकडं आणि मलम दुसरीकडं. त्या दिवशी नेमकं हेच झालं. पोरगं घरं वाजवत गेलं आणि म्हणालं, "पाच, सहा उतरलेत. तेरा, चौदा पण."

"मग कुठलं सैल आहे?"

"चारही असतील."

मी म्हटलं, आता कान बाजूला ठेव आणि बोटं लाव. त्यानं गठ्ठे एकेक करून चिमटीत धरून हलवले. सात घट्ट. पाचव्या-सहाव्या घराखालचा मात्र हातानं सहज फिरला. बाकीच्यांपेक्षा तो चांगला बोटभर वर सरकलेला होता. एकच घर उतरलं असतं तर मी गजऱ्याकडं बघितलं असतं. शेजारची दोन घरं एकदम उतरली, तर पहिला संशय त्यांच्या सामाईक गठ्ठ्याचा. तेरा-चौदाला काहीच झालेलं नव्हतं.

गठ्ठा ठोकायला हातोडीची निमुळती बाजू घ्यायची, कारण दोन्हीकडं वाद्या असतात आणि जागा कमी. ठोका गठ्ठ्याच्या डोक्यावर, खोडाला समांतर. वादीवर लोखंड लागलं की तिथं ती कातरली जाते. लगेच नाही तुटत, महिन्यानं ऐन कार्यक्रमात तुटते. तो गठ्ठा चार हलक्या ठोक्यांत बाकीच्यांच्या रांगेत आला आणि पाच, सहा, तेरा, चौदा ही चारही घरं एकदम सुधारली. पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. "तेराला तर हातच नाही लावला!"

आता तबला सगळीकडं सारखा झाला होता, पण पांढरी एकवर. पाहिजे होती काळी एक. पुडी सगळीकडून सारखी उतरलेली असली की दोष हवेचा. कातडं दमट हवेतलं पाणी पितं, मऊ पडतं आणि सैलावतं. एवढा फरक गजऱ्यावर भरून काढायचा नाही, त्यासाठी गठ्ठेच. आठही गठ्ठे थोडेथोडे खाली घ्यायचे आणि समोरासमोरच्या जोड्या धरायच्या. पहिला ठोकला की पाचवा, तिसरा की सातवा, दुसरा की सहावा, चौथा की आठवा. एका बाजूनं गोल गोल गेलात तर पुडी खोडावर एकीकडं ओढली जाते. एका फेरीत प्रत्येकाला दोन-तीनच ठोके. दोन फेऱ्यांत तबला काळी एकच्या किंचित खाली आला आणि तिथंच मी त्याला थांबवलं. शेवटचं अंतर मुद्दाम गजऱ्यासाठी शिल्लक ठेवायचं असतं.

गजऱ्यावरचा ठोका ही खरी हातोटी. तबला मांडीत किंवा चुंबळीवर आपल्या बाजूला थोडा कलता ठेवायचा आणि हातोडीच्या बोथट बाजूनं गजऱ्याच्या जाड वेणीवर, वादी टाळून, खालच्या दिशेनं मारायचं. मनगट सैल. हातोडी कातड्याच्या दिशेनं नाही, खोडाच्या अंगावरून खाली घसरेल अशी गेली पाहिजे. चूक होते ती इथंच. ठोका जरा आत गेला की चाटेवर बसतो. तिथं कातडं खोडाच्या कडेवर टेकलेलं असतं, म्हणजे खाली ऐरण आणि वर हातोडी. मी चौदा-पंधरा वर्षांचा असताना भजनाच्या आधी दहा मिनिटं अशी एक नवी पुडी फोडलेली आहे. आवाज फार मोठा होत नाही. एक बारीक 'टक' होतो आणि चाटेवर केसाएवढी रेघ दिसते. अशी पुडी गणपती उठेपर्यंत टिकत नाही.

गजऱ्यावरही तोच नियम, समोरासमोर. एक मारलं की नऊ, पाच मारलं की तेरा, मग मधली. प्रत्येक ठोक्यानंतर 'ना' वाजवून पेटीशी ताडून बघायचं. त्या दिवशी पंधरा घरं बसली, पण अकरावं जास्त चढलं. ते उतरवायला गजऱ्याला खालून वर हलकासा ठोका. उतरवताना एक युक्ती पाळा. पाहिजे त्यापेक्षा कणभर जास्त उतरवा आणि मग वरून एका ठोक्यानं जागेवर आणा. वादी आणि गजरा लाकडावर घासत सरकत असतात. नुसतं उतरवून सोडलं तर ताण मध्येच कुठंतरी अडकून राहतो आणि पहिल्या चार जोरकस बोलांनी सुटतो. खालून वर येऊन थांबलेला सूर जास्त वेळ टिकतो.

त्यानंतर पाच मिनिटं तीनताल वाजवायला सांगितला, चांगला दाबून. परत घरं ऐकली तर दोन ठिकाणी किंचित उतरलं होतं. ते व्हायचंच. तबला लावल्या लावल्या जो सूर असतो त्यावर भरवसा ठेवायचा नाही. वाजवून, परत बघून मगच मंचावर जायचं. हॉलमध्ये एसी असेल किंवा डोक्यावर दिवे असतील तर अर्धा तास आधी गवसणीतून काढून तिथल्या हवेत ठेवायचा आणि मगच हातोडी उचलायची. बाहेर पावसात लावून आणलेला तबला दिव्याखाली चढतो, आणि मग गायक मागं वळून बघतो.

फोनवरच्या ट्यूनरबद्दल मुलं विचारतात. काळी एकला त्यावर C# दिसतं, तेवढी खूण म्हणून ठीक आहे. पण 'ना'मध्ये एकच सूर नसतो. यंत्र कधी खालचा घुमारा पकडतं, कधी वरचा सूर, आणि आकडा उड्या मारतो. दोन घरं सारखी आहेत का हे ठरवायला पेटी आणि कान बरे.

किती ताणायचं यालाही हद्द आहे. काळी एकसाठी बांधलेला तबला पांढरी एक ते पांढरी दोन एवढ्यात फिरतो. त्याच्या पलीकडं ओढला तर चाट फाटते आणि खाली सोडला तर आवाज फटफटीत होतो. पट्टी बदलायची असेल तर तबलाच दुसरा लागतो, वरच्या पट्टीला लहान तोंडाचा, खालच्या पट्टीला मोठ्या तोंडाचा. गजरा सगळीकडून बराच खाली आला असेल, गठ्ठेही तळाशी गेले असतील आणि तरी सूर चढत नसेल, तर हातोडी खाली ठेवा. पुडी किंवा वाद्या ताणून संपल्यात. वाद्या ओढणं हे कारागिराचं काम आहे, घरी करायला जाऊ नका.

तो उठायला लागला तेव्हा मला शाईच्या कडेला एक बारीक पापुद्रा उचललेला दिसला. विचारलं तर आधी गप्प बसला. मग म्हणाला, "तालमीतली पोरं म्हणाली, हलगी तापवतात तसा तापव. गॅसवर धरला थोडा."

हलगी तापवतात हे खरं. मिरवणुकीत पेटत्या कागदावर हलगी धरलेली कोल्हापुरात सगळ्यांनीच बघितली आहे आणि ती कडाडतेही. पण हलगीवर शाई नसते. तबल्याची शाई म्हणजे लोखंडाची पूड आणि खळ यांचं मिश्रण, थरावर थर देत दगडानं घोटून बसवलेलं. कातडं उष्णतेनं पटकन आक्रसतं, शाई आक्रसत नाही, आणि दोघांची साथ सुटते. गॅस, इस्त्री, केस वाळवायचं यंत्र, खिडकीतलं ऊन, सगळं याच यादीत येतं. तबला दमटलाच असेल तर कोरड्या खोलीत, पंख्याच्या वाऱ्यापासून लांब, तास-दोन तास उघडा ठेवणं एवढंच करायचं. शाईवर बारीक भेगांचं जाळं असतं, त्याला मात्र घाबरू नका. ते मुद्दाम पाडलेलं असतं, त्यामुळं शाई कातड्याबरोबर लवचीक राहते. काळजी करायची ती तुकडा हलायला लागला की. तेव्हा 'तीं' वाजवताना माशी गुणगुणल्यासारखी झिणझिण ऐकू येते. त्यावर फेव्हिकॉल लावून आणलेला तबलाही मी बघितलाय. डिंकानं ती जागा कडक होते आणि झिणझिण जाऊन तबलाच मुका होतो.

घामही शाईचा शत्रू. घामट हात लागला की खळ मऊ होते आणि लोखंडाला गंज धरतो. वाजवायच्या आधी हात धुऊन पूर्ण कोरडे करायचे. पावडर लावायची ती हाताला, चिमूटभर, पुडीवर शिंपडायची नाही. शाईच्या भेगांत ती बसते आणि घामाबरोबर तिचं लुकण होतं. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्यानं पुसायचं, ओल्या नाही. कातडं कडक वाटलं म्हणून खोबरेल लावणारे महाभाग आहेत. तेल प्यायलेलं कातडं परत बोलत नाही. अंगठी काढायची, नखं कापायची, आणि तबल्यावर चहाचा कप ठेवणाऱ्या पाहुण्याशी भांडायला मागंपुढं बघायचं नाही.

ठेवताना दोन्हींवर गादीची झाकणं घालून, गवसणीत, जमिनीपासून वर आणि भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. झाकणानं नुसता मार वाचत नाही, हवेतला बदल कातड्यापर्यंत हळूहळू पोचतो. पावसाळ्यात गवसणीत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवायच्या. नदीकाठच्या घरात तळमजल्यावर तबला ठेवत असाल तर 2019 आणि 2021 चं पाणी आठवा आणि माळ्यावर जागा करा. पाण्यात बुडालेली पुडी वाचत नाही, खोड सावलीत सावकाश वाळवलं तर वाचू शकतं. उंदीर कातडं कुरतडतात, म्हणून महिना-महिना न उघडता ठेवू नये. आठवड्यातून एकदा वाजवला तरी पुरे.

डग्ग्याचं थोडक्यात. त्याला नेमक्या सुरात लावायची गरज नसते, घुमारा मोकळा आणि मनगट घासून काढलेला घिस्सा नीट उमटला की झालं. हातोडी फक्त गजऱ्यावर आणि फार हलकी, कारण चुकलेला ठोका पितळेला पोचा पाडतो. मनगटाचा घाम मात्र तबल्यापेक्षा डग्ग्यावर जास्त मुरतो, तो आठवणीनं पुसा.

गणपती झाले. ऑक्टोबरात, ऊन तापलं तेव्हा, तो परत आला. या वेळी तक्रार उलटी होती. तबला आपोआप चढून पांढरी दोनच्याही वर गेला होता. पावसात खाली ठोकलेले गठ्ठे तसेच राहिले होते आणि कातडं सुकून आक्रसलं होतं. पुड्या जास्त फाटतात त्या अशाच, वाजवताना नाही, कोपऱ्यात ठेवल्या ठेवल्या, एखाद्या कोरड्या दुपारी. मी हातोडी त्याच्याकडं सरकवली. त्यानं ती घेतली, पण आधी चिमटीत धरून आठही गठ्ठे हलवून बघितले. मग पहिला खालून वर ठोकला आणि तबला अर्धा फिरवून पाचवा.